दोन बाजारांचे दर एकत्र करताना सरासरी का चुकते? लासलगाव-विंचूरच्या कांद्यावरून तपासणी

गटाचा किंवा शेतकरी उत्पादक कंपनीचा कांदा दोन बाजारांत विकला जातो. प्रत्येक बाजाराची सरासरी वेगवेगळी काढलेली असते. मग महिनाअखेरीला कोणीतरी त्या दोन सरासऱ्यांची बेरीज करून दोनाने भागतं आणि तो आकडा ‘एकत्रित दर’ म्हणून सभासदांना सांगितला जातो. पैसे वाटायला बसलं की खात्यात रक्कम कमी पडते. निफाड, येवला, चांदवड भागातल्या गटांच्या शीट मी बघतो, आणि हंगाम बदलला, हिशोब लिहिणारा बदलला, तरी ही गडबड पुन्हा पुन्हा समोर येते. म्हणून तपासणीचा क्रम एकदा सविस्तर लिहून ठेवतो. सोपं आधी, किचकट नंतर.

खालचं उदाहरण तोंडी हिशोब करता यावा म्हणून गोल आकड्यांचं घेतलं आहे, त्या दिवशीचा खरा बाजारभाव म्हणून वाचू नका.

लासलगावला ३६० क्विंटल उन्हाळ कांदा गेला, सरासरी १,६५० रुपये क्विंटल. विंचूरला ९० क्विंटल गेला, सरासरी २,१५० रुपये. एकूण माल ४५० क्विंटल. आता सगळ्या मालाची सरासरी किती?

शीटमध्ये बहुतेक वेळा १,९०० लिहिलेलं सापडतं. बरोबर उत्तर १,७५० आहे. क्विंटलमागे १५० रुपयांचा फरक म्हणजे ४५० क्विंटलवर ६७,५०० रुपये. सभासदांना १,९०० ने पैसे द्यायचे ठरवले तर एवढी रक्कम कुठून आणायची, हा प्रश्न उरतोच.

लक्षणं

यातलं एक जरी दिसलं तरी पुढची तपासणी करायला घ्या.

- एकत्रित दर दोन दरांच्या अगदी मधोमध येतो, आणि एका बाजाराचा माल दुसऱ्यापेक्षा कितीतरी जास्त असतो.
- एका बाजाराची आवक ९० क्विंटलऐवजी १० करून पाहिली तरी एकत्रित दर जागचा हलत नाही.
- एकत्रित दर गुणिले एकूण क्विंटल केल्यावर येणारी रक्कम जमा रकमेशी जुळत नाही.
- एकत्रित दर दोन्ही दरांच्या खाली किंवा दोन्ही दरांच्या वर जातो.
- आठवड्याच्या सरासऱ्यांवरून काढलेला महिन्याचा दर आणि विक्रीच्या सगळ्या हिशोबपट्ट्यांवरून थेट काढलेला दर वेगळे निघतात.
- दोन्ही बाजारांत दर वाढला, तरी एकत्रित दर उतरलेला दिसतो. (हे दरवेळी बिघाडाचं लक्षण नाही. त्याबद्दल शेवटाकडे.)

पहिली तपासणी: नुसतं बघा

याला कागदही लागत नाही. एकत्रित सरासरी नेहमी दोन दरांच्या मध्ये कुठेतरी असते, आणि ज्या बाजारात माल जास्त त्या बाजाराच्या दराकडे ती झुकलेली असते. लासलगावचा माल चौपट आहे, म्हणजे उत्तर १,६५० च्या बरंच जवळ हवं. १,९०० हे बरोबर मधोमध आहे, त्यामुळे पहिल्या नजरेतच शंका यायला हवी.

किती झुकायला हवं तेही तोंडी सांगता येतं. विंचूरचा माल ४५० पैकी ९०, म्हणजे पाचवा हिस्सा. दोन दरांतलं अंतर ५०० रुपये. त्या ५०० चा पाचवा हिस्सा १००. लासलगावच्या १,६५० मध्ये ते १०० मिळवले की १,७५०. लिलावाला उभं राहून, मोबाईल खिशातून न काढताही हा हिशोब होतो. आवक एवढी गोल नसेल तर हिस्सा अंदाजाने धरा. उत्तर दहा-वीस रुपये इकडेतिकडे होईल, पण दीडशेची चूक लपणार नाही.

ही चूक इतकी का टिकते, याचं कारणही इथेच आहे. दोन्ही बाजारांत साधारण सारखाच माल गेला असेल, किंवा दोन्हीकडे दर जवळपास सारखेच असतील, तर दोनाने भागूनही उत्तर बरोबर येतं. २२५ आणि २२५ क्विंटल असते तर १,९०० हेच खरं उत्तर होतं. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे असे गेले की लिहिणाऱ्याला वाटतं सूत्र चालतंय. मग एका आठवड्यात विंचूरला फक्त दोन गाड्या जातात आणि तेच सूत्र दगा देतं. मालाचा हिस्सा निम्म्यापासून जितका दूर आणि दरांतलं अंतर जितकं मोठं, तितकी चूक मोठी. आपल्या उदाहरणात विंचूरचा हिस्सा २० टक्के, म्हणजे निम्म्यापेक्षा ३० टक्क्यांनी कमी. ५०० चे ३० टक्के म्हणजे बरोबर ते १५० रुपये.

दुसरी तपासणी: रकमेने उलटा ताळा

सरासरी गुणिले एकूण वजन म्हणजे एकूण रक्कम. सरासरीचा अर्थच तो आहे: सगळा माल एकाच दराने विकला असता तर तेवढेच पैसे आले असते, असा दर. म्हणून ताळा थेट पैशावर घ्यायचा.

लासलगावचे ३६० गुणिले १,६५० म्हणजे ५,९४,००० रुपये. विंचूरचे ९० गुणिले २,१५० म्हणजे १,९३,५०० रुपये. दोन्ही मिळून ७,८७,५०० रुपये. याला ४५० ने भागलं की १,७५०. उलट १,९०० गुणिले ४५० केले तर ८,५५,००० येतात, आणि एवढे पैसे कोणत्याही पट्टीवर नाहीत.

ताळा अगदी रुपयापर्यंत जुळेलच असं नाही, कारण दर पूर्ण रुपयात लिहिलेला असतो. पूर्ण रुपयात लिहिताना जास्तीत जास्त ५० पैशांचा फरक पडतो. ४५० क्विंटलवर तो २२५ रुपये होतो. तेवढ्यापर्यंतचा फरक सोडून द्या. त्यापेक्षा जास्त असेल तर ‘पैशांचा फरक असेल’ म्हणून पुढे जाऊ नका, चूक दुसरीकडे आहे. कोणी दर ५० च्या पटीत लिहीत असेल (काही जणांना ही सवय असते) तर फरक ११,२५० रुपयांपर्यंत जाऊ शकतो आणि मग ताळ्याला काही अर्थच राहत नाही. अशा वेळी दर आधी नीट लिहून घ्या.

या दोन तपासण्यांवरच बहुतेक प्रकरणं मिटतात. शीटमध्ये बदल एवढाच. B रकान्यात क्विंटल आणि C रकान्यात दर असेल तर चुकीचं सूत्र हे:

```
=AVERAGE(C2:C3)
```

आणि बरोबर सूत्र हे:

```
=SUMPRODUCT(B2:B3,C2:C3)/SUM(B2:B3)
```

पाठ्यपुस्तकात याला भारित सरासरी म्हणतात. प्रत्येक दराला त्याच्या क्विंटलइतकं महत्त्व द्यायचं, यालाच मी पुढे दराला ‘वजन देणं’ म्हणतो. पण नावापेक्षा एक सवय महत्त्वाची आहे. शीटमध्ये दराशेजारी ‘क्विंटल’ आणि ‘रक्कम’ असे दोन रकाने कायम ठेवा आणि पुढच्या माणसाला नुसता दर पाठवू नका. कारण पुढच्या आठवड्यात पिंपळगाव बसवंतचा माल येतो आणि कोणीतरी १,७५० मध्ये पिंपळगावचा दर मिळवून पुन्हा दोनाने भागतं. दुरुस्त केलेली चूक पुढच्या पायरीवर पुन्हा उभी राहते. क्विंटल आणि रक्कम सोबत असतील तर कितीही बाजार जोडा, रकमेची बेरीज भागिले क्विंटलची बेरीज, एवढंच करायचं असतं.

तिसरी तपासणी: मुळात प्रत्येक बाजाराची सरासरी बरोबर आहे का?

सूत्र बदललं, तरी ताळा जुळत नाही. अशा वेळी मी दोन्ही बाजारांच्या पट्ट्या मागवतो. इथे थोडा वेळ द्यावा लागतो, कारण चूक एक पायरी खाली उतरलेली असते: दोन बाजार जोडण्याआधीच, एकाच बाजारातल्या गाड्या जोडताना.

विंचूरचे ते ९० क्विंटल उघडून बघू. पाच गाड्या गेल्या होत्या. तीन ट्रॅक्टर, प्रत्येकी २४ क्विंटल, निवडलेला मोठा कांदा, दर २,२५०. आणि दोन छोटे हत्ती, प्रत्येकी ९ क्विंटल, त्यात बरीच गोल्टी म्हणजे बारीक कांदा, दर १,७५०. लिलावात प्रत्येक गाडीला एक बोली लागते, त्यामुळे लिहिणाऱ्यासमोर पाच दर येतात: २,२५०, २,२५०, २,२५०, १,७५०, १,७५०. तो त्यांची बेरीज करतो, १०,२५०, आणि पाचाने भागतो. २,०५०. शीटमध्ये विंचूरचा दर २,०५० लागतो.

आता वजनाने बघा. तीन ट्रॅक्टरचे ७२ क्विंटल गुणिले २,२५० म्हणजे १,६२,००० रुपये. दोन छोट्या गाड्यांचे १८ क्विंटल गुणिले १,७५० म्हणजे ३१,५०० रुपये. एकूण १,९३,५००, भागिले ९० म्हणजे २,१५०. क्विंटलमागे १०० रुपयांची तफावत, आणि तीही वरचं SUMPRODUCT अगदी बरोबर असताना. चुकीची सरासरी कितीही नीट वजनाने जोडली तरी उत्तर चुकीचंच येणार.

म्हणून कोणतीही सरासरी हातात आली की विचारायचं: ही कशामागे काढली आहे? गाडीमागे, पट्टीमागे, दिवसामागे की क्विंटलमागे? बाजाराच्या आवकेच्या नोंदीत बऱ्याचदा वाहनांची संख्या ‘नग’ म्हणून लिहिलेली असते आणि शेजारी क्विंटल असतात. घाईत नगांचा रकाना उचलला जातो. समजा एका बाजाराचे ५ नग आणि दुसऱ्याचे १५ नग, या आकड्यांनी वजन देऊन सरासरी काढली की वरवर सगळं शास्त्रशुद्ध दिसतं, पण ट्रॅक्टर आणि छोटा हत्ती एकाच मापाने मोजले जातात.

दिवसामागच्या सरासरीचंही तेच. सोमवारी १२० क्विंटल आणि शनिवारी १५ क्विंटल गेले असतील, तर दोन दिवसांच्या दरांना सारखं स्थान देता येत नाही. ज्या दिवशी माल गेलाच नाही त्या दिवसापुढे कोणी शून्य लिहिलं असेल तर आणखी घोळ. AVERAGE रिकामा चौकोन सोडून देतं, पण शून्य मोजतं. SUMPRODUCT ला त्याने फरक पडत नाही, कारण त्या दिवसाचं वजनही शून्यच असतं.

चौथी तपासणी: दर नक्की कोणता उचलला?

बाजार समितीच्या रोजच्या भावफलकात तीन आकडे असतात: कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण. पट्ट्या गोळा करायचा कंटाळा आला की लिहिणारा सर्वसाधारण दर घेतो आणि आपल्या क्विंटलने गुणतो. यात दोन चुका एकत्र होतात.

एक म्हणजे सर्वसाधारण दर हा बहुतांश माल ज्या दराच्या आसपास गेला तो दर असतो. एकूण रक्कम भागिले एकूण वजन करून तो निघालेला नसतो. त्यामुळे समितीच्या संपूर्ण आवकेने तो गुणला तरी त्या दिवसाची खरी उलाढाल मिळत नाही. दोन समित्यांचे सर्वसाधारण दर आवकेने वजन देऊन जोडले तर एक ढोबळ अंदाज मिळतो. बाजाराचा कल बघायला तो ठीक आहे. पैसे वाटायला नाही.

दुसरी चूक त्याहून साधी आहे: तो बाजाराचा दर आहे, तुमच्या मालाचा नाही. तुमचा कांदा निवडून गेला असेल तर तुम्हाला जास्त मिळाले असतील, चोपडा किंवा ओला असेल तर कमी. सभासदांचा हिशोब हिशोबपट्टीवरूनच करायचा.

कमीत कमी आणि जास्तीत जास्त यांची बेरीज करून दोनाने भागणारेही मी बघितले आहेत. एखादी चांगली गाडी मुहूर्ताला चढ्या भावाने गेली आणि एक खराब वक्कल पडेल भावात गेलं, तर त्या दोन गाड्यांमुळे हजारो क्विंटलचा दर ठरतो. ते करूच नका.

पाचवी तपासणी: वजन कशाने द्यायचं?

ही चूक कमी वेळा दिसते, पण झाली तर पटकन सापडत नाही, कारण करणारा माणूस हुशार असतो. दोनाने भागायचं नाही हे त्याला माहीत असतं. पण त्याच्याकडे क्विंटल नसतात, बँकेत जमा झालेल्या रकमा असतात: ५,९४,००० आणि १,९३,५००. तो त्या रकमांनीच वजन देतो. १,६५० गुणिले ५,९४,०००, अधिक २,१५० गुणिले १,९३,५००, भागिले एकूण रक्कम. उत्तर येतं सुमारे १,७७३.

१,७७३ बघून संशय येत नाही. ते दोन दरांच्या मध्ये आहे, मोठ्या बाजाराकडे झुकलेलंही आहे. पहिल्या तपासणीत ते पास होतं. पण रकमेच्या ताळ्यावर पडतं: १,७७३ गुणिले ४५० म्हणजे ७,९७,८५०, आणि खात्यात ७,८७,५०० आहेत. दहा हजारांवर फरक.

नियम असा की सरासरी ‘कशामागे’ आहे तेच वजन. रुपये प्रति क्विंटल आहे, म्हणून क्विंटलने वजन द्यायचं. एकरी उत्पन्न असेल तर एकरांनी. विद्यार्थ्यामागे गुण असतील तर विद्यार्थी संख्येने. रुपयांनी वजन दिलं की महागात विकलेल्या मालाला त्याच्या वाट्यापेक्षा जास्त महत्त्व मिळतं, म्हणून उत्तर वर सरकतं.

क्विंटल हाताशी नसतील तर ते परत काढा. ५,९४,००० भागिले १,६५० म्हणजे ३६०, आणि १,९३,५०० भागिले २,१५० म्हणजे ९०. मग पुढचं नेहमीसारखं. इथे एक काळजी घ्या: बँकेतली रक्कम कपाती वजा जाऊन आलेली असू शकते आणि दर मात्र पट्टीवरचा, कपातीआधीचा असतो. एक निव्वळ आणि एक ढोबळ घेऊन भागाकार केला की क्विंटल कमी निघतात. दोन्ही निव्वळ घ्या किंवा दोन्ही कपातीआधीचे. मी कपातीआधीचे घेतो आणि कपाती वेगळ्या रकान्यात ठेवतो, कारण दोन बाजारांतल्या कपाती सारख्या असतीलच असं नाही.

सहावी तपासणी: शीटच्या पोटातल्या भानगडी

सूत्र बरोबर, वजन बरोबर, पट्ट्या बरोबर, तरी उत्तर विचित्र असेल तर चौकोन एकेक करून बघायला लागतात. मला भेटणाऱ्या तीन भानगडी:

आकड्यात शब्द मिसळलेला. दराच्या चौकोनात कोणी ‘2150 रु’ असं लिहिलेलं असतं. डोळ्यांना तो आकडा दिसतो, शीटला तो मजकूर वाटतो. SUMPRODUCT त्याला शून्य धरतं, पण त्या ओळीचे ९० क्विंटल मात्र छेदात मोजले जातात. मग ५,९४,००० भागिले ४५० म्हणजे १,३२०. दोन्ही दरांपेक्षा कमी! एकत्रित दर दोन दरांच्या बाहेर गेला की पहिली शंका हीच घ्यायची. उलट क्विंटलच्या चौकोनात ‘90 क्वि’ असेल तर ती ओळ वरूनही जाते, खालूनही जाते, आणि उत्तर निमूटपणे १,६५० येतं. हे जास्त घातक, कारण १,६५० बघून कोणी दचकत नाही. शोधायची सोपी रीत:

```
=COUNT(B2:B3)
=COUNT(C2:C3)
```

दोन्हींचं उत्तर ओळींइतकं यायला हवं. कमी आलं तर कुठेतरी मजकूर किंवा रिकामा चौकोन आहे.

बेरजेची ओळ आत शिरलेली. खाली ‘एकूण’ म्हणून ओळ आहे आणि सूत्राची मर्यादा ओढताना तीही आत आली. त्या ओळीत एकूण क्विंटल आणि जुना, चुकीचा सरासरी दर असेल तर नवीन उत्तर त्याच्याकडे ओढलं जातं: ३६०, ९० आणि वर पुन्हा ४५० क्विंटल १,९०० ने, म्हणजे उत्तर १,८२५. क्विंटलची बेरीज तपासा. ४५० ऐवजी ९०० आली की समजायचं.

फिल्टर लावलेला. फक्त उन्हाळ कांदा दिसावा म्हणून फिल्टर लावला, पण SUMPRODUCT लपलेल्या ओळीही मोजतं. लाल कांद्याच्या जुन्या ओळी त्यात मिसळतात. अशा वेळी कांद्याच्या प्रकारानुसार वेगळी शीट ठेवणं मला सोपं वाटतं. पिव्होट टेबल वापरत असाल तर त्यातलं दराचं Average हे ओळींची साधी सरासरी असतं, वजनाची नाही. तिथे रक्कम आणि क्विंटल यांच्या बेरजा घ्या आणि मग भागा.

किलो आणि क्विंटलची सरमिसळ मी वेगळी मोजत नाही, कारण ती लगेच दिसते. एका बाजाराचा माल अचानक शंभरपट होतो आणि दुसऱ्याचा दर एकत्रित आकड्यात जवळजवळ नाहीसा होतो.

बिघाड नसलेला बिघाड

सगळं तपासून झाल्यावरही एक तक्रार येते. ‘भाऊ, लासलगावला पन्नास वाढले, विंचूरलाही पन्नास वाढले, आणि तुमचा एकत्रित दर खाली कसा?’

पुढच्या महिन्यात लासलगावला १,७०० आणि विंचूरला २,२०० दर मिळाला असं धरा. पण विंचूरला फक्त १८ क्विंटल गेले, बाकी ४३२ लासलगावला. ४३२ गुणिले १,७०० म्हणजे ७,३४,४००, आणि १८ गुणिले २,२०० म्हणजे ३९,६००. एकूण ७,७४,०००, भागिले ४५० म्हणजे १,७२०. मागच्या महिन्यापेक्षा ३० रुपये कमी.

सूत्र बरोबर आहे, दर बरोबर आहेत. चढ्या दराच्या बाजारात जाणारा हिस्सा २० टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आला, म्हणून एकत्रित आकडा उतरला. इथे शीटला हात लावू नका. सभासदांना एकत्रित दराबरोबर दोन्ही बाजारांचे दर आणि दोन्हीकडचे क्विंटल दाखवा. आणि महिन्यामहिन्यांतली तुलना करायचीच असेल तर मागच्या महिन्याचे क्विंटल, ३६० आणि ९०, या महिन्याच्या दरांना लावून बघा: १,८०० येतात, म्हणजे माल त्याच प्रमाणात गेला असता तर पन्नासच रुपये वाढले असते.

याच्याच मागोमाग दुसरा प्रश्न येतो: ‘माझा सगळा माल विंचूरला गेला, मला १,७५० का?’ हा गणिताचा प्रश्न नाही. माल एकत्र करून सरासरी दराने पैसे द्यायचे की ज्याच्या गाडीचा दर त्याला द्यायचा, हे गटाने हंगामाआधी ठरवायचं असतं. सरासरी काढणाऱ्याने त्यात पडू नये.

इथे थांबा

क्विंटल आणि रकमा दोन्ही हरवल्या आहेत, फक्त दोन दर शिल्लक आहेत, तर एकत्रित सरासरी काढताच येत नाही. कोणतंही सूत्र ती देणार नाही. ती १,६५० आणि २,१५० च्या मध्ये कुठेतरी आहे, एवढंच खरं. दोनाने भागून आकडा भरू नका. समितीकडून किंवा व्यापाऱ्याकडून पट्ट्यांच्या प्रती मागवा.

मधला दर दिला असेल, म्हणजे सगळ्या गाड्या चढत्या क्रमाने लावून मधल्या गाडीचा दर, तर तेही वजनाने जोडून चालत नाही. दोन बाजारांचे मधले दर जोडून एकत्रित मधला दर मिळत नाही. त्यासाठी सगळ्या गाड्यांची यादीच लागते.

पट्टीवरचं वजन आणि तुमच्या भुईकाट्याच्या पावतीवरचं वजन जुळत नसेल तर शीट बंद करा. तो सरासरीचा बिघाड नाही. दोन्ही पावत्या घेऊन बाजार समितीच्या सचिवांकडे लेखी द्या, आणि ते मिटेपर्यंत त्या गाडीची ओळ वेगळी ठेवा.

चुकीच्या दराने पैसे वाटून झाले असतील तर शीट दुरुस्त करून पुढच्या महिन्यात गुपचूप वळते करून घेऊ नका. कंपनी नोंदणीकृत असेल तर सनदी लेखापालाला दाखवा. कोणाला किती जास्त गेले, ते येणं म्हणून कुठे दाखवायचं, संचालक मंडळाचा ठराव लागतो का, हे त्याचं काम आहे. त्याच्याकडे जाताना जुनी शीट पुसू नका. तिची प्रत, नवी शीट, दोन्ही बाजारांच्या पट्ट्या आणि बँकेचा उतारा एवढं सोबत न्या.

आणि पाहणीवरून सरासरी काढायची असेल, म्हणजे तालुक्यातल्या काही निवडक शेतांवरून सगळ्या तालुक्याचं एकरी उत्पन्न सांगायचं असेल, तर निवडलेल्या शेतांची संख्या वजन म्हणून चालेलच असं नाही. एखाद्या गावातून मुद्दाम जास्त शेतं निवडलेली असतात, तिथे गावाच्या लागवडीखालच्या क्षेत्राने वजन द्यावं लागतं. हे काम कृषी महाविद्यालयातल्या संख्याशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला विचारून करा, आणि तेही शेतं निवडायच्या आधी.